२४ महिन्यांचं फिक्स्ड टर्म कॉन्ट्रॅक्ट, नवव्या महिन्यात एचआर म्हणतं राजीनामा द्या. क्लॉज काय देतो आणि कायदा काय देतो?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. जरा तातडीचं आहे म्हणून थोडक्यात लिहिते. मी एका खासगी कंपनीत १ एप्रिलपासून २४ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार ४८,००० महिना. काल एचआरचा कॉल आला, म्हणाले क्लायंटने प्रोजेक्ट बंद केलाय, ३१ डिसेंबर शेवटचा दिवस, तुम्ही राजीनाम्याचा मेल टाका म्हणजे रिलिव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, एक महिन्याचा पगार आम्ही देऊ. लेखी काहीच दिलेलं नाही.
कॉन्ट्रॅक्टमधला क्लॉज ४ असा आहे, मराठीत लिहिते: "ही नेमणूक २४ महिन्यांच्या निश्चित मुदतीची आहे. पहिले १२ महिने लॉक-इन कालावधी राहील. त्यानंतर कोणताही पक्ष ३० दिवसांची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी पगार देऊन करार संपवू शकेल." आणि क्लॉज ९: "कर्मचाऱ्याने लॉक-इनमध्ये नोकरी सोडल्यास तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम कंपनीस द्यावी लागेल."
माझे नऊ महिने होतायत. एक महिन्याचा पगार घेऊन गप्प बसायचं की अजून काही हक्क आहे माझा?

सडेतोड
अजिबात राजीनामा देऊ नका!! २४ महिन्यांचा करार म्हणजे २४ महिने, नऊ झाले, उरले पंधरा, १५ गुणिले ४८,००० म्हणजे ७,२०,००० तुमचे हक्काचे. करार त्यांनी मोडला तर उरलेल्या मुदतीचा सगळा पगार द्यावाच लागतो, हा साधा नियम आहे. वकिलाची नोटीस पाठवा, सरळ होतील.

शेवंता
आमच्याकडे पण असंच झालं होतं, लिव्ह लायसन्स केलेलं, लॉक-इन सहा महिन्यांचा होता, भाडेकरू चौथ्या महिन्यात गेला तेव्हा आम्ही दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं. तुमचं डिपॉझिट कंपनीकडे आहे का? असेल तर ते आधी मागा.

पाऊलवाट
@शेवंता ताई, हे घराचं नाही हो, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट आहे. डिपॉझिट काही नाही.

रानजाई
मी दिवाणी आणि लेबर दोन्हीकडची कामं बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. सडेतोड यांचं एक वाक्य शंभर टक्के बरोबर, राजीनामा देऊ नका. सात लाख वीस हजाराचा हिशोब मात्र टिकणार नाही, त्याकडे नंतर येते.
आधी राजीनाम्याचं, कारण सगळ्यात मोठी खोच तिथेच आहे. क्लॉज ९ परत वाचा. कर्मचाऱ्याने लॉक-इनमध्ये नोकरी सोडली तर तीन महिन्यांचा पगार त्यानेच द्यायचा. आज परिस्थिती अशी आहे की करार कंपनी संपवतेय, म्हणजे देणं लागतं ते कंपनी. तुम्ही राजीनाम्याचा मेल टाकला की कागदावर करार तुम्ही संपवलात. कंपनीकडून यायचं ते गेलं, आणि उलट १,४४,००० तुमच्याकडून मागायचा रस्ता त्यांना मोकळा झाला. आज एचआर म्हणेल आम्ही थोडीच मागणार आहोत, पण फुल अँड फायनलचा हिशोब करणारा माणूस वेगळा असतो, तो सिस्टीममध्ये राजीनामा बघतो आणि लॉक-इन रिकव्हरी लावतो. राजीनामा दबावाखाली घेतला असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, आणि एका तोंडी कॉलच्या जोरावर ते फार अवघड जातं.
दोन गोष्टी सांगा. एक, ऑफर लेटरमध्ये किंवा कुठल्या परिशिष्टात नेमणूक त्या प्रोजेक्टपुरतीच आहे, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपेल, असं कुठे लिहिलंय का? दोन, तुमच्या हाताखाली माणसं आहेत का, की तुम्ही स्वतः काम करता?

पाऊलवाट
@रानजाई ताई, खूप आभार. परिशिष्टात फक्त एवढंच आहे की "सुरुवातीला अमुक प्रोजेक्टवर नियुक्ती". प्रोजेक्ट संपला की नोकरी संपेल असं कुठेच नाही, उलट कंपनी कुठल्याही प्रोजेक्टवर बदली करू शकते असं वाक्य आहे. हाताखाली कोणी नाही, टेस्टिंगचं काम मी स्वतः करते, वर एक टीम लीड आहे.

रानजाई
छान, ही बदलीची ओळ तुमच्या फार कामाची आहे. प्रोजेक्ट बंद झाला म्हणून करार पाळणं अशक्य झालं असं कंपनी म्हणायला जाईल, पण करार कायद्याच्या कलम ५६ मधलं अशक्य म्हणजे खरोखर अशक्य, धंदा कमी झाला किंवा परवडत नाही हे त्यात बसत नाही. आणि ज्या करारात दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकायचा अधिकार कंपनीनेच ठेवलाय तिथे एक क्लायंट गेला म्हणून सगळंच संपलं असं म्हणणं आणखी कठीण.
आता पैशाचं. कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे जे नुकसान स्वाभाविकपणे झालं त्याची भरपाई मिळते. कंपनीने करार पाळला असता तर तुम्हाला जे मिळालं असतं आणि आता जे मिळतंय, त्यातला फरक. मग पहिला प्रश्न येतो की करार पाळून कंपनी तुम्हाला लवकरात लवकर कधी मोकळं करू शकली असती? २४ महिने नाही! क्लॉज ४ प्रमाणे १२ महिने झाल्यावर ३० दिवसांची नोटीस देऊन कंपनी करार संपवू शकत होती. म्हणजे तेराव्या महिन्यानंतर तुमची कसलीच खात्री नव्हती. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस हा सुप्रीम कोर्टाचा १९९० चा निकाल आहे, तो गॅस एजन्सीचा होता, नोकरीचा नाही, पण विचार हाच. करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता म्हणून भरपाई तेवढ्या ३० दिवसांच्या कमाईपुरतीच दिली.
म्हणून तुमचा हिशोब जानेवारी ते एप्रिल असा चार महिन्यांचा. ४ गुणिले ४८,००० म्हणजे १,९२,०००. वरची मर्यादा ही. पंधरा महिने नव्हेत, आणि एचआर म्हणतंय तसा एक महिनाही नव्हे.

सडेतोड
पण ताई मग "निश्चित मुदत" या शब्दांना अर्थ काय राहिला? आणि असले कंपनीच्या सोयीचे क्लॉज बेकायदेशीर असतात असं सुप्रीम कोर्टानेच १९८६ मध्ये म्हटलंय की, ब्रोजो नाथ गांगुली केस. नुसती नोटीस देऊन काढता येत नाही.

रानजाई
केस बरोबर आठवली तुम्हाला, पण ती सरकारी मालकीच्या महामंडळाविरुद्ध होती. सरकार किंवा सरकारी संस्था मालक असेल तर घटनेचं कलम १४ लागतं, मनमानी चालत नाही, म्हणून कायम कर्मचाऱ्याला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढायचा नियम तिथे रद्द झाला. खासगी कंपनीला ते तसंच्या तसं लावता येत नाही. खासगी नोकरीत कोर्ट सहसा पैसे देतं, पुन्हा कामावर घ्या असं सांगत नाही, कारण व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने चालवायला लावता येत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे बरं का, कंपनीही कुणाला बळजबरीने कामावर बसवू शकत नाही.
आणि निश्चित मुदतीला अर्थ नक्की आहे. क्लॉज ४ मध्ये नोटिशीचं वाक्य नसतंच, तर तुमचा पंधरा महिन्यांचा मुद्दा उभा राहिला असता. तरी पूर्ण रक्कम मिळाली नसती, कारण दुसरं काम शोधून नुकसान कमी करायची संधी होती की नाही हे कोर्ट बघतंच. घरी बसून पंधरा महिने मीटर चालू ठेवता येत नाही.
आकडे घालून दाखवते. समजा १६ फेब्रुवारीला ४२,००० ची दुसरी नोकरी लागली. जानेवारी पूर्ण आणि अर्धा फेब्रुवारी रिकामा, त्याचे ७२,०००. नोटिशीचा क्लॉज नसता तर पुढचे साडेतेरा महिने दर महिन्याला ६,००० कमी, त्याचे ८१,०००. एकूण १,५३,०००, सात लाख वीस हजार नाही. तुमच्या खऱ्या क्लॉजप्रमाणे हिशोब एप्रिलअखेर थांबतो, म्हणजे ७२,००० अधिक अडीच महिन्यांचे १५,०००, मिळून ८७,०००. दुसरी नोकरी एप्रिलपर्यंत प्रयत्न करूनही लागली नाही तर मात्र पूर्ण १,९२,००० चा दावा बसतो. म्हणून आजपासून जिथे जिथे अर्ज कराल ते मेल, इंटरव्ह्यूची बोलावणी, नकार, सगळं जपून ठेवा.

फाईल_नंबर_९
मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत म्हणून समोरची बाजू काय म्हणेल ते सांगतो, कोणाची बाजू घेत नाहीये.
पहिलं, कंपनी म्हणेल लॉक-इन हा कर्मचाऱ्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही. क्लॉज ९ मध्ये दंड फक्त कर्मचाऱ्याला आहे ना, मग लॉक-इनही त्याच्यावरच. असे ड्राफ्ट बनवताना कंपनीच्या डोक्यात खरंच हेच असतं, ट्रेनिंग देऊन माणूस सहा महिन्यांत जाऊ नये.
दुसरं, तेरा महिने नाही तर बाराच धरा असं म्हणतील, नोटीस अकराव्या महिन्याच्या शेवटी दिली असती तर बारा पूर्ण होताना करार संपला असता असा युक्तिवाद.
तिसरं आणि हे जरा सांभाळा. तुम्ही राजीनामा देत नाही म्हटल्यावर काही ठिकाणी अचानक परफॉर्मन्सचा विषय निघतो. आठ महिने सगळं ठीक आणि नवव्यात दोन वॉर्निंग मेल. म्हणून प्रोजेक्ट बंद झाला हे कारण आत्ताच त्यांच्याकडून लेखी येऊ द्या. एकदा ते कारण मेलवर आलं की नंतर काम चांगलं नव्हतं म्हणणं जड जातं.

रानजाई
@फाईल_नंबर_९ तिसरा मुद्दा लाख मोलाचा. दुसरा मला पटत नाही, "त्यानंतर" हा शब्द नोटिशीलाच लागून आलाय, म्हणजे नोटीसच १२ महिन्यांनंतर. पण वाद होऊ शकतो हे मान्य, एका महिन्याचा फरक आहे, तडजोडीत तो सोडायलाही हरकत नाही.
पहिल्या मुद्द्यावर मी म्हणेन की क्लॉज ४ मध्ये "कोणताही पक्ष" असं लिहिलंय. लॉक-इन फक्त कर्मचाऱ्यापुरता असता तर पहिल्या १२ महिन्यांत कंपनी करार कसा संपवणार याचं वेगळं वाक्य लागलं असतं, ते नाहीये. शिवाय मसुदा कंपनीने केलाय, संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा असा एक नियम आहे. पण प्रामाणिकपणे सांगते, एखादा न्यायाधीश फाईल_नंबर_९ सारखाही वाचू शकतो. मग भरपाई ३० दिवसांवर येते, एचआरने देऊ केलेला तोच एक महिना.

मुक्काम_पोस्ट
माझा उलटा अनुभव आहे, मी स्वतः सोडली. तीन वर्षांचा बाँड होता, दीड वर्षात दुसरीकडे चांगली संधी आली. कंपनीने बाँडची पूर्ण रक्कम मागितली, मी म्हटलं ट्रेनिंग फक्त आठवडाभर झालं, तेही ऑनलाईन, खर्चाचा हिशोब दाखवा. तो काही आला नाही, शेवटी निम्म्यावर मिटलं. मला सगळे सांगत होते की बाँड वगैरे कायद्यात चालतच नाही, एक पैसा देऊ नको. मग मी भरले ते उगाच का?

रानजाई
उगाच नाही. बाँड चालतच नाही हा गैरसमज खूप पसरलाय. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट योग्य ठरवली. पुढे कुठेही नोकरी करू नको असं सांगणं वेगळं आणि ठरलेल्या मुदतीआधी गेलास तर एवढी रक्कम भर हे वेगळं, दुसऱ्यात धंद्यावर बंदी येत नाही. तिथे बँक सरकारी होती, भरती प्रक्रिया परत राबवायचा खर्च होता, माणूस मोठ्या पगाराच्या पदावर होता, हे सगळं कोर्टाने विचारात घेतलं. पण म्हणून लिहिलेला आकडा डोळे झाकून मिळतो असंही नाही. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. तुम्ही खर्चाचा हिशोब मागितलात तेच योग्य केलंत.
पाऊलवाट यांनाही हे लागू. उद्या कंपनीने क्लॉज ९ लावून १,४४,००० मागितलेच तर पहिलं उत्तर हे की सोडून मी गेलेच नाही, आणि दुसरं की तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा, काम तर तुम्हीच बंद केलंत.

पाऊलवाट
आता मेल काय लिहू ते सांगाल का कोणी? मला फार भांडखोर पण वाटायला नकोय, रिलिव्हिंग लेटर तर लागणारच आहे.

फाईल_नंबर_९
साधा ठेवा. इंग्रजीत लिहाल ते, पण मजकूर असा असू द्या: "काल सकाळच्या कॉलमध्ये आपण सांगितलं की प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे ३१ डिसेंबरपासून माझी सेवा संपवण्यात येत आहे आणि मी राजीनामा द्यावा. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. मी काम करायला तयार आहे आणि कराराप्रमाणे दुसऱ्या प्रोजेक्टवर जायचीही तयारी आहे. कंपनीचा निर्णय पक्का असल्यास कारणासह लेखी पत्र द्यावं आणि क्लॉज ४ नुसार देय रक्कम कळवावी." बस. पर्सनल मेल आयडीला कॉपी ठेवा कारण ३१ तारखेला ऑफिसचा ॲक्सेस जातो. सॅलरी स्लिपा, अप्रेझलचे मेल, रजेचा शिल्लक हिशोब हेही आधीच उतरवून घ्या. क्लायंटचा डेटा मात्र चुकूनही पाठवू नका, तेवढ्यावरून गैरवर्तन म्हणून काढायला कारण मिळतं.

रानजाई
मेल उत्तम. काम करायला तयार आहे ही ओळ काढू नका, तुम्ही स्वतःहून गेला नाहीत याचा तोच पुरावा.
अजून दोन गोष्टी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत. त्यात वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाची देय मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे, त्यामुळे फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल असं सांगितलं तर डिसेंबरचा पगार त्यात अडकवू देऊ नका. ग्रॅच्युइटीचं, मुदतीच्या नोकरीवाल्यांना आता पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर हक्क आहे, पण तुमचे नऊच महिने झालेत म्हणून ती इथे येत नाही.
तुम्ही स्वतः टेस्टिंग करता, हाताखाली कोणी नाही, त्यामुळे कायद्याच्या अर्थाने कामगार ठरण्याची बरीच शक्यता आहे, मग लेबर खात्याकडे तक्रारीचा रस्ताही उघडतो, तो दिवाणी दाव्यापेक्षा स्वस्त. दिवाणी दाव्याला करारभंगापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणून घाबरून आज काही सही करायची गरज नाही.

शेवंता
मघाशी मी चुकीचं समजले, पण एक विचारू का, रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवलं तर? माझ्या भाचीचं तसंच झालं, नवीन कंपनी लेटरशिवाय घेईना, शेवटी तिने नो क्लेमवर सही करून टाकली.

रानजाई
हो, खरी अडचण तीच असते आणि त्यावर झटपट औषध नाही. नवीन ठिकाणी टर्मिनेशनचं पत्र आणि सॅलरी स्लिपा चालतात का ते आधी विचारायचं, प्रोजेक्ट बंद झाला असं कारण पत्रात असेल तर बरेच जण मान्य करतात. नो क्लेमवर सही करावीच लागली तर करण्याआधी मेलने कळवायचं की रक्कम हरकत राखून स्वीकारतेय. त्याने दावा वाचेलच असं नाही, पण काहीच न लिहिता सही केली तर पुढे तोंड उघडायला जागा फार कमी उरते.

पाऊलवाट
मेल परवा टाकला होता, आज उत्तर आलं. लेखी मान्य केलंय की प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे सेवा संपवतोय, राजीनाम्याचा उल्लेख नाही. डिसेंबरचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि "सद्भावना म्हणून" दोन महिन्यांचा पगार देतो म्हणतात, म्हणजे ९६,०००, पण नो क्लेमवर सही हवीय. लॉक-इन कंपनीला लागू नाही असंही लिहिलंय, अगदी फाईल_नंबर_९ म्हणाले होते तसं.

सडेतोड
घेऊ नका, चार महिने मागा. घाबरलेत म्हणूनच एकाचे दोन झाले.

फाईल_नंबर_९
मी असतो तर तीन महिन्यांवर मिटवायचा प्रयत्न केला असता. क्लॉज ९ मध्ये त्यांनी स्वतःच तीन महिन्यांचा आकडा लिहिलाय, मी गेले असते तर तीन, तुम्ही काढलंत तर तीन, हे बोलायला सोपं पडतं आणि वरच्या माणसाकडून मंजुरी घ्यायलाही.

रानजाई
तो आकडा कायद्याने तुमच्या बाजूला आपोआप लागत नाही, पण बोलणीत जरूर वापरा. निर्णय तुमच्या पुढच्या नोकरीवर आहे. फेब्रुवारीच्या मध्यात काम लागलं तर कोर्टातला आकडा ८७,००० च्या आसपास, म्हणजे आत्ता हातात येतायत ते ९६,००० जास्तच. एप्रिलपर्यंत लागलं नाही तर १,९२,००० चा दावा, पण त्यात लॉक-इन कोणाला लागू हा प्रश्न जिंकावा लागेल आणि तो मी खात्रीने सांगू शकत नाही. कुठे बोलणी चालू आहेत का?

पाऊलवाट
दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झालेत, एकीकडे दुसरा राउंड सोमवारी आहे. तोपर्यंत सही करत नाही. तीन महिन्यांचं आणि नो क्लेमच्या सोबतच क्लॉज ९ खाली कंपनीचीही काही मागणी नाही असं लेखी द्या, एवढं आज मेलवर मागते.

मुक्काम_पोस्ट
ते दुसरं वाक्य नक्की टाका ताई. माझ्या वेळी नो ड्यूज फक्त मी दिलं होतं, कंपनीने मला दिलंच नव्हतं, दोन महिन्यांनी लॅपटॉपच्या बॅगेचे पैसे मागायला मेल आला होता.